पाच प्रश्नांचा कागद: ११ वरून १२ झाले, म्हणजे गोळी लागू पडली नाही का?

वारणाकाठ

वेगळं नाव घेऊन लिहितोय, समजून घ्या. वय ४९, सांगलीजवळ हार्डवेअरचं दुकान. साखर ९ वर्षांपासून, बीपीची गोळीही चालू. दीड-दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. आधी थकवा समजून सोडून दिलं. शेवटी युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तपासलं, रक्त काढलं (तीन महिन्यांची साखर ८.४ आली), छातीत दुखतं का, हृदयाची कुठली गोळी चालू आहे का हे दोनदा विचारलं, आणि पाच प्रश्नांचा एक कागद भरून घेतला.

कागद असा होता. ताठरता येईल आणि टिकेल याचा भरवसा किती? आत जाण्याइतकी ताठरता किती वेळा आली? आत गेल्यावर किती वेळा टिकली? शेवटपर्यंत टिकवायला किती कठीण गेलं? आणि किती वेळा समाधान मिळालं? प्रत्येकाला ५ पर्यंत गुण, एकूण २५. जास्त गुण म्हणजे चांगलं.

पहिल्या दिवशी माझे अनुक्रमे २, २, २, २, ३ असे ११ झाले. डॉक्टर म्हणाले, मध्यम त्रास आहे. सिल्डेनाफिल ५० दिली, संबंधाच्या तासभर आधी घ्यायची. पाच आठवड्यांनी तोच कागद घरी परत भरला. २, ३, २, २, ३. बारा.

एका गुणासाठी एवढं सगळं? पुढच्या सोमवारी तारीख आहे. गोळी बदलायला सांगू का?

---

भटक्या_मावळा

दादा, आधी हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी दोन वर्षांपूर्वी यातूनच गेलोय.

त्या कागदाचं गणित असं आहे: २२ ते २५ म्हणजे काही नाही, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, त्याखाली तीव्र. म्हणजे तुम्ही मध्यममधून वरच्या गटात आलात! औषध लागू पडलंय. मी दर रविवारी भरायचो आणि मोबाईलवर आलेख काढायचो. २२ झाले की रोग संपला, गोळी बंद.

एक मात्र नक्की करा, टेस्टोस्टेरॉन तपासा. इतका कमी स्कोअर हार्मोन कमी असल्याशिवाय येत नाही.

---

शल्यक

मी युरोलॉजिस्ट आहे, कोल्हापूर भागात २२ वर्षं काम करतो. तुमचे डॉक्टर मी नाही, पण या कागदाबद्दल बोलू शकतो.

मावळा, गटांचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण ११ वरून १२ म्हणजे गट बदलला, त्रास बदलला असं नाही. गटाच्या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत. एखाद्या दिवशी झोप नीट झाली नाही म्हणून एका प्रश्नाला ३ ऐवजी २ लिहिलं तरी एवढा फरक पडतो. आणि हार्मोनबद्दल हा कागद काहीच सांगत नाही. साखर, रक्तवाहिन्या, काळजी, बीपीची गोळी, यातल्या कशामुळेही ११ येऊ शकतात. टेस्टोस्टेरॉन सकाळच्या रक्तातून तपासतात, आणि इच्छाच कमी झाली असेल तर त्याला जास्त महत्त्व येतं. ही इच्छा तर पाचांपैकी एकाही प्रश्नात विचारलेली नाही.

वारणाकाठ, गोळी बदलण्याआधी तीन गोष्टी सांगा.

दुसऱ्या वेळी कागद भरताना मनात कुठला काळ होता? छापील कागदावर वर लिहिलेलं असतं, "गेल्या ६ महिन्यांत". पाच आठवड्यांच्या औषधानंतर तुम्ही सहा महिन्यांचा हिशोब दिला असेल, तर त्यातले जवळपास पाच महिने गोळीच्या आधीचे आहेत. ते जुने महिने नव्याला खाली ओढणारच.

या पाच आठवड्यांत प्रयत्न किती वेळा झाला, आणि त्यातले गोळी घेऊन किती?

आणि गोळी कधी घेतलीत? जेवणाआधी की नंतर?

---

नवखा२७

डॉक्टर, माझंही असंच आहे. माझे १८ येतात. चौथ्या प्रश्नाला १ लिहिला, कारण मला शेवटपर्यंत टिकवता येत नाही. आत गेल्यावर एका मिनिटात होऊन जातं. ताठरता मात्र पूर्ण असते, सकाळीही असते. मित्राने मेडिकलमधून सिल्डेनाफिल आणून दिलीय. घेऊ का?

---

शल्यक

नवखा, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही सांगताय ते शीघ्रपतन. चौथ्या प्रश्नात विचारलंय की ताठरता शेवटपर्यंत धरून ठेवायला किती कठीण गेलं. तुमची ताठरता शेवटपर्यंत असतेच, शेवट लवकर येतो. तो प्रश्न नीट वाचलात तर बहुतेक ५ लिहाल आणि एकूण २२ होतील. पाचव्या प्रश्नालाही तुम्ही समाधान नाही म्हणून कमी गुण दिले असतील, पण त्याचं कारण ताठरता नाही. हा कागद वेळ मोजत नाही, त्यामुळे तुमच्या त्रासासाठी तो उपयोगाचा नाही. त्याचे उपचार वेगळे आहेत.

मित्राची गोळी घेऊ नका. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायची किंवा रोज घ्यायची नायट्रेटची गोळी ज्यांना चालू असते, त्यांचं बीपी सिल्डेनाफिलने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. तुमच्या वयात ती गोळी चालू नसेल, पण कोणी विचारल्याशिवाय सुरू करायचं हे औषध नाही.

---

वारणाकाठ

डॉक्टर, तुम्ही विचारलंत तेव्हाच काहीतरी लक्षात आलं.

काळ: वर सहा महिने लिहिलंय, मी सहा महिन्यांचंच आठवून लिहिलं.

प्रयत्न: पाच आठवड्यांत पाच वेळा. एकदा गोळी नव्हती. उरलेल्या चारपैकी तीन वेळा रात्रीच्या जेवणानंतर घेतली. दुकान साडेनऊला बंद होतं, जेवण दहाला, आणि आमच्याकडे बुधवार-रविवार मटण ठरलेलं. जेवलो, गोळी घेतली, अर्ध्या-पाऊण तासाने प्रयत्न. तिन्ही वेळा अर्धवट. एकदाच, अमावस्येच्या आदल्या दिवशी दुकान लवकर बंद केलं होतं, संध्याकाळी काही न खाता घेतली, त्या दिवशी बरंच जमलं.

आणि एक खरं सांगतो. पहिल्या वेळी पाचव्या प्रश्नाला मी ३ लिहिले ते खरे नव्हते. कागद रिसेप्शनवरच्या मुलाने दिला आणि तो समोरच उभा होता. सगळीकडे २-२ लिहायची लाज वाटली.

---

स्वराली_प

मी बायको म्हणून लिहितेय. माझ्या नवऱ्यानेही हा कागद भरला होता, मला दाखवलाच नाही. नंतर गादीखाली सापडला. पाचव्या प्रश्नाला त्याने ४ लिहिलं होतं. मला वाईट वाटलं, कारण तेव्हा आमचं चार महिने जवळजवळ काहीच नव्हतं.

मला विचारायचंय, तो प्रश्न कोणाच्या समाधानाचा आहे? माझा नवरा म्हणाला, "तू तक्रार केली नाहीस म्हणून ४ लिहिलं."

---

शल्यक

स्वरालीताई, तो प्रश्न भरणाऱ्याच्या स्वतःच्या समाधानाचा आहे. जोडीदाराला काय वाटतं हे हा कागद विचारत नाही, आणि ही त्याची मोठी मर्यादा आहे. म्हणून पुढच्या भेटीला शक्य असेल तर दोघांनी यावं असं मी सांगतो. कागद मात्र त्याने एकट्याने, कोणी डोकावत नसताना भरावा.

तुमच्या घरात चार महिने प्रयत्नच नव्हते, म्हणजे दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी शून्याचा पर्याय होता, "प्रयत्न केला नाही". तो पर्याय लोकांना दिसत नाही, किंवा दिसला तरी लिहवत नाही. मग मनाला बरं वाटेल असा आकडा पडतो.

वारणाकाठ, रिसेप्शनसमोरची लाज मी रोज बघतो. त्या एका गुणामुळे तुमचा पाया १० ऐवजी ११ धरला गेला. फरक लहान आहे, पण पाया जितका फुगवाल तितकी सुधारणा कमी दिसेल. सोमवारी डॉक्टरांना हे सांगा, ते रागावणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गोळीला अजून पुरती संधीच मिळालेली नाही. सिल्डेनाफिल तेलकट, जड जेवणानंतर घेतली तर तिचा परिणाम तासभर उशिरा येतो आणि कमीही होतो. मटण जेवून अर्ध्या तासात प्रयत्न म्हणजे गोळी रक्तात पोचायच्या आधीच परीक्षा झाली. शिवाय गोळी घेतली की आपोआप ताठरता येत नाही, स्पर्श, जवळीक, उत्तेजना लागतेच. योग्य पद्धतीने निदान सहा-आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय आम्ही "लागू पडली नाही" असं म्हणत नाही. तुमची योग्य पद्धतीने एकदाच झालीय, आणि त्या दिवशी जमलं.

माझ्या रुग्णांना मी दोन सूचना देतो. पहिला कागद सहा महिन्यांचा भरा, तो निदानाचा. उपचार सुरू झाल्यावर मात्र वरची "६ महिने" ही ओळ खोडून "४ आठवडे" लिहा आणि महिन्यातून एकदाच भरा. मूळची मोठी १५ प्रश्नांची प्रश्नावली १९९७ची आहे आणि ती चार आठवड्यांचंच विचारते. त्यातूनच १९९९ साली हा छोटा कागद दवाखान्यात पटकन निदान व्हावं म्हणून काढला. त्याचा सहा महिन्यांचा काळ निदानासाठी ठीक आहे, महिन्या-महिन्याच्या तुलनेला नाही.

---

भटक्या_मावळा

डॉक्टर, एका ठिकाणी मी सहमत नाही. दर आठवड्याला भरून मला फायदा झाला. महिनाभर थांबलो असतो तर धीर सुटला असता.

---

शल्यक

मावळा, तुम्हाला धीर मिळाला हे चांगलंच झालं. पण आठवड्यात एक-दोनच प्रयत्न असतील तर "किती वेळा" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दोनपैकी एकदा म्हणजे "निम्म्या वेळा", ३ गुण. पुढच्या आठवड्यात दोनपैकी दोनदा, ५ गुण. आलेख उड्या मारेल आणि माणूस त्याच्या मागे पळेल. आठवड्याला आकडा काढण्याऐवजी प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ वहीत लिहावी: तारीख, गोळी किती वाजता, जेवण आधी की नंतर, आत जाता आलं का, टिकलं का. महिन्याअखेर त्या ओळी मोजून कागद भरा, आठवणीवर नको. तरीही आठवड्याचा आकडा तुम्हाला मानवत असेल तर मी भांडणार नाही.

२२ झाले म्हणून गोळी बंद, हे मात्र नाही. गोळीवर असताना आलेले २२ म्हणजे गोळीने काम केलं. मुळातला त्रास गेला का, हे त्यावरून कळत नाही.

---

मस्कतकर

मी रत्नागिरीचा, गेली ११ वर्षं मस्कतमध्ये. वर्षातून दोनदा घरी येतो. इथल्या दवाखान्यात हाच कागद भरायला दिला. पहिल्या प्रश्नाला ४ लिहिले, बाकी चार ठिकाणी शून्य, कारण बायको गावी. नर्सने ४ बेरीज करून फाईलवर "तीव्र" लिहिलं. मी घाबरून गेलो. मी बीपीची गोळी बदलायला गेलो होतो, हा विषयही काढला नव्हता.

---

शल्यक

मस्कतकर, त्या ४चा तुमच्या ताठरतेशी काही संबंध नाही. शून्य म्हणजे प्रसंगच आला नाही. बेरीज करणाऱ्याला ते दिसत नाही, तो ४ पाहतो आणि सर्वात खालच्या गटात टाकतो. असे लोक आमच्याकडे खूप येतात: जोडीदार दूर असलेले, विधुर, बायको आजारी असलेले. त्यांच्यासाठी बेरीज करूच नये.

त्याऐवजी ताठरतेचं साधं चार पायऱ्यांचं माप वापरता येतं. १ म्हणजे वाढतं पण कडक होत नाही, २ म्हणजे कडक पण आत जाण्याइतकं नाही, ३ म्हणजे आत जाण्याइतकं पण पूर्ण नाही, ४ म्हणजे पूर्ण कडक. सकाळची ताठरता किंवा एकांतातली, त्यावरून स्वतःलाच सांगता येतं. पण ते पाच प्रश्नांच्या गुणांत मिसळू नका, दोन्ही वेगळी मापं आहेत. सुट्टीच्या आधी तिथं कोणी उपचार द्यावा का, त्या आकड्याची तुलना कशाशी करावी, याला माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. मी तरी सुट्टीतले दोन-तीन आठवडे बघून मगच ठरवेन.

---

आनंदी_आजोबा

वय ६६. प्रोस्टेटच्या गाठीसाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन झालं, दीड वर्ष होईल. ऑपरेशनच्या आधी हा कागद भरून घेतला, १३ आले. आता गोळीवर ९ आहेत. सर्जन म्हणतात, पायापासून फार खाली नाही. पण माझं मन मानत नाही. गाठ कळण्याआधी आमचं सगळं व्यवस्थित होतं, ६४ व्या वर्षीसुद्धा. बायोप्सी, रिपोर्ट, मुंबईच्या फेऱ्या, त्या तीन महिन्यांत आम्ही एकमेकांजवळ जायलासुद्धा घाबरत होतो. मग १३ येणारच.

---

शल्यक

काका, तुम्ही अगदी नेमकी जागा पकडलीत. निदानाच्या धक्क्यात भरलेला कागद तुमच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी आकडा देतो, आणि मग ऑपरेशननंतरचं नुकसान कमी वाटतं. रुग्णाला आम्ही विचारायला हवं, "गाठ कळण्याआधीच्या महिन्यांचं आठवून भरा." तुम्ही सर्जनना तसा दुसरा कागद भरून द्या आणि वर स्पष्ट लिहा, निदानाआधीचा. आठवणीतून भरलेला असला तरी तो १३ पेक्षा तुमच्या खऱ्या परिस्थितीच्या जवळ असेल. नसा वाचवल्या असतील तर त्यांची भरपाई दोन वर्षांपर्यंतही चालू असते, म्हणून दीड वर्षाच्या आकड्यावर शेवटचा शिक्का मारायला मी तयार नाही. नसा एका बाजूच्या वाचल्या की दोन्ही, हे सर्जननाच माहीत. विचारा.

---

वारणाकाठ

सहा आठवड्यांनी परत आलो. सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं, लाजेचंसुद्धा. त्यांनी गोळी बदलली नाही, डोसही तोच, ५०. पहिल्या कागदावर स्वतःच्या हाताने १० केले.

वही ठेवली. चार आठवड्यांत सात वेळा, सगळ्या वेळी गोळी संध्याकाळी सातला, रिकाम्या पोटी, जेवण नंतर. बायकोला सांगून ठेवलं की आता जेवण उशिरा, तिने काही विचारलं नाही, नंतर तीच आठवण करू लागली. सातपैकी पाच वेळा आत जाता आलं, ४ गुण. टिकलं चार वेळा, म्हणजे निम्म्याच्या आसपास, ३. टिकवायला कठीण गेलं पण पूर्वीइतकं नाही, ३. समाधान पाच वेळा, ४. भरवसा मात्र अजून २ च. एकूण १६.

दोन वेळा जमलं नाही त्याच्या ओळी वाचल्या. एकदा दुकानात हिशोबाचं भांडण झालं होतं, एकदा साखर खूप वर होती.

डॉक्टर, १० वरून १६ हे खरंखुरं म्हणायचं का? आणि भरवशाचा गुण का हलत नाही?

---

शल्यक

खरं आहे. मोठ्या प्रश्नावलीतल्या ताठरतेच्या ३० गुणांच्या भागासाठी रुग्णाला जाणवेल असा किमान फरक साधारण ४ गुणांचा काढलेला आहे, आणि सुरुवातीला त्रास जास्त असेल तर त्याहून जास्त लागतो, मध्यम असेल तर ५. तुमचा कागद वेगळा, २५ चा, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय पहिला कागद सहा महिन्यांचा आणि हा चार आठवड्यांचा, तेवढा फरक लक्षात ठेवा. पण ६ गुणांची वाढ, तीही चार प्रश्नांत पसरलेली, वहीच्या ओळींशी जुळणारी, ती मी खरी मानेन. एकाच प्रश्नात तीन गुण वाढले असते तर मी शंका घेतली असती.

भरवसा उशिरा हलतो. शरीराला जमू लागतं, मन मागे राहतं, कारण दीड वर्षाची भीती सात वेळांत पुसली जात नाही. तीन-चार महिन्यांनीही तो २ वरच राहिला आणि बाकी चार ठिकाणी ४-४ असतील, तर समुपदेशकाची मदत घ्या. डोस वाढवून तो भरवसा येणार नाही. आता मात्र वहीत साखरेचा एक रकाना वाढवा. ८.४ तशीच राहिली तर गोळीचं काम दर वर्षी अवघड होत जाईल.

---

वारणाकाठ

रकाना काढला. आज सकाळी उपाशीपोटी १४८.

---

स्वराली_प

वारणाकाठ भाऊ, तुमच्या बायकोने कागद पाहिलाय का?

---

वारणाकाठ

नाही पाहिला अजून. वही मात्र तिच्याच कपाटात आहे.